चिकट झालेली लॅमिनेटची दारे आणि मुठी साफ करताना या चुका टाळा

फोडणीच्या वेळी हवेत उडालेले तेल कपाटांच्या दारांवर बसते आणि शेगडीची धग व हवा यांमुळे काही महिन्यांत त्याचा पिवळसर, वार्निशासारखा थर तयार होतो. हा थर आधी मऊ करावा लागतो. पण तेवढा वेळ न देता थेट घासायला सुरुवात करणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

एका दिवाळीच्या साफसफाईत मीही शेगडीलगतचे चकचकीत दार हिरव्या घासणीने जोर लावून घासले. ओले असताना ते स्वच्छ दिसले. वाळल्यावर खिडकीच्या उजेडात तिरके पाहिले, तेव्हा तळहाताएवढा मंद, ओरखड्यांचा डाग उमटलेला होता. लॅमिनेटची चकाकी त्याच्या वरच्या पातळ थरातच असते आणि एकदा गेली की पॉलिशने परत येत नाही. तारेची घासणी आणि भांडी घासायची पावडर यांचाही परिणाम हाच होतो.

तेव्हापासून मी एक लिटर सोसवेल इतक्या गरम पाण्यात दोन चमचे भांड्यांचे लिक्विड घालते, त्यात सुती फडके बुडवून घट्ट पिळते आणि ते डागावर दहा मिनिटे दाबून ठेवते. थर पांढुरका, मऊ झाला की जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने तो अलगद सरकवता येतो. तरीही न सुटणाऱ्या ठिपक्यांवर खाण्याच्या तेलाचे दोन थेंब चोळून पंधरा मिनिटे थांबावे, कारण ताजे तेल जुन्या चिकटपणाला सैल करते, आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसावे. बोट फिरवल्यावर ते कुठेही अडकले नाही, म्हणजे थर निघाला. शेवटी साध्या ओल्या फडक्याने साबण काढून दार लगेच कोरडे करावे.

दारावर थेट फवारा मारू नये, कारण पाणी कडेच्या पट्टीच्या फटीतून आत शिरते. आत पार्टिकल बोर्ड असेल तर खालची कड फुगते आणि ती पुन्हा बसत नाही.

मुठी दारावर ठेवूनच पुसणाऱ्यांच्या हातून त्यांच्या बुडाशी साचलेली काळी कड नेहमीच राहून जाते. दाराच्या आतल्या बाजूचे स्क्रू काढून मुठी कोमट साबणाच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवाव्यात आणि जुन्या टूथब्रशने घासाव्यात. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमच्या मुठींना लावू नये, त्या काळवंडतात. आणि स्टीलच्या मुठींवर ब्लीच राहिले तर बारीक खड्डे पडतात. स्क्रूची भोके पूर्ण वाळल्याशिवाय मुठी परत बसवू नयेत, कारण तिथला ओलावा थेट बोर्डात मुरतो.