अवेअरनेस थांबवून सर्चकडे: क्लायंटला पत्र लिहिण्याआधी करायची दोन गणितं

एजन्सीत नव्याने लागलेल्या अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या वाट्याला हे पत्र लवकरच येतं. अवेअरनेस कॅम्पेन चालत नाही, ते थांबवून पैसा गूगल सर्चच्या जाहिरातींना लावायचा, आणि हे क्लायंटला पटेल असं लिहायचं. पहिल्या मसुद्यात बहुधा एक तक्ता असतो: इतके इंप्रेशन्स, इतके क्लिक, चौकशा मात्र चारच. क्लायंट तो तक्ता बघतो आणि विचारतो, "मग तीन महिने तुम्ही काय करत होता?" त्यावर धड उत्तर नसतं, कारण चौकशा आणणं हे त्या कॅम्पेनला दिलेलं कामच नव्हतं. ते ठरलं होतं लोकांना नाव माहीत व्हावं म्हणून. तेव्हा ते कमी पडलं असं म्हणायचं, तर ते त्याच मापाने दाखवायला हवं.

एक उदाहरण धरून चालू. म्हापशातला एक वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार आहे. गच्ची, बाथरूम, चिऱ्यांच्या भिंतींतली ओल, अशी कामं तो करतो. जानेवारीपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्याचे व्हिडिओ चालू आहेत, महिन्याला ६०,००० रुपये, अख्खा गोवा, वय २८ ते ६०. मार्च संपला, तीन महिन्यांत १,८०,००० गेले. (उदाहरणातले आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत, ते कुठल्या खऱ्या खात्यात शोधू नका.)

पहिलं गणित नव्या माणसांचं. रीच म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचली तो आकडा. प्रत्येक महिन्याचा रीच वेगळा काढून त्यांची बेरीज करू नका. जानेवारीत ज्याने व्हिडिओ पाहिला तोच फेब्रुवारीतही मोजला जातो, आणि बेरीज फुगते. त्याऐवजी तारखांची चौकट वाढवत तीनदा रिपोर्ट काढा: १ ते ३१ जानेवारी, १ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर, १ जानेवारी ते ३१ मार्च. समजा अनुक्रमे २,२०,०००, २,७५,००० आणि २,९०,००० असे आकडे आले. म्हणजे फेब्रुवारीत नवी माणसं मिळाली ५५,००० आणि मार्चमध्ये फक्त १५,०००. खर्च दर महिन्याला तेवढाच. जानेवारीत एका नव्या माणसापर्यंत पोचायला २७ पैसे लागले, फेब्रुवारीत १ रुपया ९ पैसे, मार्चमध्ये ४ रुपये.

हे गोव्यात चटकन घडतं. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. त्यातून वयात न बसणारे आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर नसलेले वजा केले की तळं लहान राहतं. मुंबईला वर्षभर पुरेल असा प्रेक्षक इथे काही आठवड्यांत संपतो, आणि मग तीच माणसं तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली त्याचा, आकडा चढत असताना नवा रीच थांबला असेल, तर व्हिडिओ वाईट आहे असं लगेच ठरवू नका. व्हिडिओ चांगला असूनही हे होतं.

नाव खरंच लक्षात राहिलं का, हे तपासायला सर्च कन्सोल उघडा. लोक काय शोधून क्लायंटच्या वेबसाइटपर्यंत येतात ते गूगल तिथे दाखवतं. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्वेरीचा फिल्टर लावून धंद्याचं नाव टाका, चुकीच्या स्पेलिंगसकट. डिसेंबरमध्ये नावाने शोधणारे ४० आणि मार्चमध्ये ४४ असतील, तर परिणाम दिसत नाही असं पत्रात सरळ लिहा. इथे एजन्सीची चूकही मान्य करावी. फेब्रुवारीअखेरच नवा रीच घसरलेला दिसत होता, तेव्हाच बोलायला हवं होतं. हे एक वाक्य पत्रात असलं की पुढचं सगळं क्लायंट वेगळ्या कानाने ऐकतो.

दुसरं गणित बहुतेक जण करतच नाहीत, आणि सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. "६०,००० इथून काढून तिथे टाकू" असं लिहून मोकळं होतात. पण सर्चमध्ये पैसा आपल्या मर्जीने ओतता येत नाही. लोक जेवढं शोधतात तेवढाच तिथे मावतो.

कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये दिसतं. तिथे ठिकाण गोवा ठेवून शब्द घाला. गोव्यात घरात मराठी-कोंकणी बोलणाराही गळती लागली की बहुधा इंग्रजीतच टाइप करतो, म्हणून यादी अशी काहीशी होते. अवतरणचिन्हांतले शब्द त्या अर्थाचा भाग असलेल्या शोधांसाठी, चौकटी कंसातले नेमक्या त्याच अर्थाच्या शोधांसाठी:

```
"terrace waterproofing"
"roof leakage repair"
"wall dampness treatment"
[waterproofing contractor mapusa]
[waterproofing contractor margao]
```

समजा एप्रिल-मेसाठी या सगळ्यांचे मिळून महिन्याला ६,००० शोध दिसले. त्यातल्या ६० टक्के वेळा आपली जाहिरात दिसेल असं धरा, म्हणजे ३,६००. दहातला एक क्लिक करेल, म्हणजे ३६०. क्लिकला ४० रुपये पडले तर खर्च १४,४००. झालं. ६०,००० मधले एवढेच इथे खपतात.

एक जास्तीचा गट गोव्यात मिळतो. मुंबई-पुण्यात राहणारे पण इथे फ्लॅट किंवा जुनं घर असलेले लोक पावसाआधी तिथूनच ठेकेदार शोधतात. त्यांच्यासाठी वेगळं कॅम्पेन करा आणि प्रत्येक कीवर्डमध्ये goa हा शब्द ठेवा. १,५०० शोध, त्याच हिशेबाने ९० क्लिक, ५५ रुपये दराने ४,९५०. दोन्ही मिळून १९,३५०, म्हणजे महिन्याला २०,००० धरायला हरकत नाही. लोकेशनच्या पर्यायांत दोन्हीकडे Presence निवडा. गूगलचा आपोआप लागलेला पर्याय त्या जागेत रस असलेल्यांनाही धरतो, आणि गोव्यात रस नसलेला माणूस देशात शोधावा लागेल.

मग उरलेल्या ४०,००० चं काय? मोह असा होतो की सर्च कॅम्पेनमधला Display Network चा खूण केलेला चौकोन तसाच राहू द्यावा. बजेट संपतं, रिपोर्टमध्ये क्लिक भरपूर दिसतात. पण तो खर्च वेबसाइटांवरच्या आणि अ‍ॅपमधल्या चित्रजाहिरातींवर होतो, म्हणजे जे थांबवलं तेच सर्चच्या नावाखाली पुन्हा सुरू होतं. ती खूण काढा आणि पत्रात लिहा की ४०,००० क्लायंटने स्वतःकडेच ठेवावेत. एजन्सीची फी खर्चाच्या १५ टक्के असेल तर ती ९,००० वरून ३,००० वर येते, आणि सर्चला मेहनत जास्त लागते. तेव्हा ठरावीक फी हवी असेल तर ती याच पत्रात उघडपणे मागा. पुढच्या बिलात गुपचूप वाढवलेली फी क्लायंटला बरोबर सापडते.

आता पत्र. पहिल्याच परिच्छेदात मागणी, तारीख आणि रक्कम यावी. आकडे मागून.

"आपलं फेसबुक-इन्स्टाग्रामचं कॅम्पेन ५ एप्रिलपासून थांबवावं आणि ८ एप्रिल ते ३१ मे या काळात गूगल सर्चवर महिन्याला २०,००० रुपये, जीएसटी वेगळा, खर्च करावेत अशी आमची शिफारस आहे. उरलेले ४०,००० सध्या खर्च करू नयेत. आपला निर्णय ४ एप्रिलपर्यंत कळवावा."

जीएसटी १८ टक्के आहे, आणि रक्कम त्याच्यासकट की त्याच्याशिवाय हे लिहिलं नाही तर पहिल्याच महिन्यात ३,६०० रुपयांवरून वाद होतो. पुढे नव्या रीचचे ते तीन आकडे, त्याखाली आपली चूक, मग सर्चचा हिशेब पायरीपायरीने. क्लिक ४५०, त्यातले ८ टक्के चौकशी करतील म्हणजे ३६, एका चौकशीला सुमारे ५४० रुपये. पत्रात मात्र "२५ ते ४५ चौकशा" असा पट्टा द्या. एकच आकडा दिला की तो वचन ठरतो.

थांबवणं म्हणजे पुसणं नव्हे, हेही लिहा, कारण क्लायंटला १,८०,००० बुडाल्यासारखे वाटत असतात. मेटावर व्हिडिओ पाहिलेल्यांची यादी ३६५ दिवसांपर्यंत मागची ठेवता येते. ऑक्टोबरमध्ये त्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवता येईल. यादी कॅम्पेन थांबवण्याआधीच करून ठेवा आणि पत्रात "केली आहे" असं लिहा.

कुठे थांबायचं तेही आधीच ठरवा. "२९ एप्रिलला, तीन आठवड्यांनी, एका खऱ्या चौकशीचा खर्च १,००० रुपयांच्या वर असेल तर बजेट निम्मं करू." खरी चौकशी म्हणजे काय हे पुढच्याच वाक्यात यावं: फोनवर गाव आणि कामाचा प्रकार सांगणारा माणूस. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर नुसता क्लिक झाला तर तो त्यात धरू नका. क्लायंटच्या नावाने शोधणाऱ्यांचे क्लिकही वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवा. ते स्वस्त असतात, आणि मिसळले की सरासरी उगाच गोंडस दिसते.

हंगामाची कबुली विसरू नका. एप्रिल-मेमध्ये गळतीच्या चौकशा जाहिरात नसतानाही वाढतात. जानेवारी-मार्चच्या अवेअरनेसची एप्रिल-मेच्या सर्चशी तुलना करून "बघा, दहापट" म्हणणं ही फसवणूकच. तुलना करायची ती मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेशी, आणि त्यासाठी क्लायंटकडे त्याची फोनवही मागा. शिवाय जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरला की शोध आणखी वाढतात, पण गच्चीवर काम करता येत नाही. म्हणून मुदत ३१ मे.

क्लायंटकडून काय हवं ते शेवटच्या परिच्छेदात, मोजकं. सकाळी ९ ते रात्री ८ फोन उचलणारा एक माणूस, आणि मेअखेरपर्यंत किती कामं घेता येतील याचा आकडा. त्याच्याकडे तीनच टोळ्या असतील आणि मेचा पहिला आठवडाच भरलेला असेल, तर ३६ चौकशांपैकी अर्ध्या परत पाठवाव्या लागतील. अशा वेळी २०,००० सुद्धा जास्त होतात.

एक ओळ रोजच्या खर्चाबद्दल घाला. महिन्याचे २०,००० म्हणजे रोजचे साधारण ६५८, पण गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट, १,३०० च्या वर खर्च करू शकतं. महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपलीकडे जात नाही. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो.

सर्च सुरू झाल्यावर पहिले दहा दिवस रोज सर्च टर्म्सचा रिपोर्ट बघा. raincoat, waterproof bag, jobs, course असले शब्द त्यात येणारच, ते निगेटिव्हमध्ये, म्हणजे जाहिरात दाखवू नये अशा शब्दांच्या यादीत, टाका. ही कामं कोण आणि कधी करणार तेही पत्रात असू द्या. आणि मंजुरी ईमेलवर, रक्कम व तारखेसकट घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंगठा नेमका थांबवण्याला होता की नव्या खर्चाला, हे महिन्याभराने दोघांनाही आठवत नाही.