पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेशंटचा केसपेपर कसा आखावा

चोपडा तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाचा पेशंट दोनदा येतो आणि बरा होतो. त्याला साधा कागद पुरतो. हा लेख बीपी-शुगरच्या पेशंटसाठी आहे. तो दर महिन्याला येतो, मध्येच चार महिने गायब होतो आणि परत येतो तेव्हा मागचं काहीच आठवत नसतं, त्यालाही आणि आपल्यालाही. "नेटवरून एखादा फॉरमॅट काढून छापा" हा सल्ला मला अनेकांनी दिला. तसे फॉरमॅट मोठ्या हॉस्पिटलांचे असतात. पहिल्या भेटीसाठी चार पानं आणि पुढच्या प्रत्येक भेटीसाठी एक रिकामी चौकट. आपलं काम नेमकं त्या चौकटीतच असतं.

कागद ए-फोर, आडवा, जाड घ्या. पुढच्या बाजूला न बदलणारी माहिती, मागच्या बाजूला भेटींचा तक्ता.

पुढच्या बाजूला वय लिहू नका, जन्माचं साल लिहा. वय सांगताना आजी एकदा ६० म्हणते, पुढच्या वर्षी ५५. नावाशेजारी गाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव हवंच, कारण एका गावात एकाच नावाचे पाच पाटील सहज निघतात. मोबाइल नंबर लिहिलात तर तो कोणाचा आहे तेही लिहा. नंबर बहुतेक वेळा नातवाचा असतो आणि नातू सुरतला असतो. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल शाईत. सातपुड्याच्या पायथ्याकडचा दवाखाना असेल तर सिकलसेलची एक ओळ ठेवा: तपासलं नाही, निगेटिव्ह, वाहक, रुग्ण.

आता मागची बाजू. डावीकडे गोष्टींची नावं एकाखाली एक आणि वर भेटींच्या तारखा, आठ रकाने. एका ओळीत एक भेट लिहायची पद्धत सोडा. तारखा आडव्या घेतल्या की बीपी डावीकडून उजवीकडे एका नजरेत वाचता येतं. बीपीच्या ओळीच्या नावातच "उजवा हात, ५ मिनिटं बसवून" असं छापा, म्हणजे कंपाउंडर बदलला तरी पद्धत बदलत नाही. शुगरला तीन वेगळ्या ओळी द्या: उपाशीपोटी, जेवणानंतर २ तासांनी आणि कधीही. एकाच ओळीत १२० आणि १९० शेजारी आले की शुगर वाढली असं वाटतं. प्रत्यक्षात पहिला आकडा उपाशीपोटीचा असतो आणि दुसरा भाकरी खाऊन आल्यावरचा.

तक्रारीला एक रुंद ओळ ठेवा आणि पेशंटचेच शब्द लिहा. "मन्हं डोकं दुखस" असं म्हटलं असेल तर तसंच.

माझी खरी दमछाक झाली ती औषधांच्या ओळींत. कितीतरी वर्षं मी दुसऱ्या भेटीपासून "रिपीट ऑल" लिहीत होते. माझ्या सुट्टीत बसणाऱ्या डॉक्टरांनी एकदा "ऑल" म्हणजे काय ते शोधायला पानं उलटली आणि दोन भेटींपूर्वी मी बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली. पेशंटला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या दवाखान्यात बंद आहेत. तुम्हीही आजच बंद करा.

त्याऐवजी प्रत्येक औषधाला स्वतःची ओळ द्या आणि ओळीच्या नावात ताकद लिहा: अ‍ॅम्लोडिपिन ५, सकाळी एक. डोस बदलला तर त्याच ओळीत खाडाखोड करायची नाही. जुनी ओळ रेघ मारून बंद करायची आणि खाली नवी ओळ सुरू करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक चौकोन तिरक्या रेघेने दोन भागांत विभागा. वरच्या भागात मागच्या वेळची गोळी प्रत्यक्षात किती घेतली ते, खालच्या भागात आज काय सांगितलं ते: चालू, बंद किंवा बदल.

वरचा भाग भरायचा प्रश्नही ठरवून घ्या. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात, डॉक्टरांपुढे नाही कोण म्हणणार? पाकीट आणायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.

एक उदाहरण देते. एका आजीला ४ जूनला अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या ३० गोळ्या दिल्या. त्या १९ जुलैला आल्या, म्हणजे ४५ दिवसांनी. बीपी १६४/९८. जुन्या कागदावर मी थेट डोस १० केला असता. पाकिटात ८ गोळ्या निघाल्या. म्हणजे ४५ दिवसांत २२ घेतल्या. विचारल्यावर कळलं की डोकं दुखलं तरच गोळी घ्यायची असं त्यांना वाटत होतं. वरच्या भागात "४५ पैकी २२", खालच्या भागात "चालू", आणि सुनेला समोर बसवून रोज सकाळी चहाबरोबर गोळी द्यायला सांगितलं. नव्या ३० दिल्या, जुन्या धरून ३८ झाल्या. १४ ऑगस्टला, २६ दिवसांनी, १२ उरल्या होत्या आणि बीपी १३८/८४ होतं. त्या दिवशी डोस वाढवला असता तर सुनेने रोज दिलेली १० ची गोळी आजींच्या पोटात गेली असती.

मोजणीची मर्यादाही सांगते. पाकीट घरी राहिलं किंवा गोळ्या दुसऱ्या मेडिकलमधून घेतल्या तर हिशेब जुळत नाही. तेव्हा अंदाजाचा आकडा टाकू नका. "मोजल्या नाहीत" लिहा आणि गेल्या ७ दिवसांत किती दिवस चुकली ते विचारून तेवढंच नोंदवा.

रिकाम्या चौकोनाचा नियम दवाखान्यातल्या प्रत्येकाला पाठ हवा. मोजलं तर आकडा, गोळ्यांखेरीज इतर काही मोजलं नाही तर आडवी रेघ, विचारलं आणि नव्हतं तर "नाही". बरोबरची खूण कुठेही नको, कारण महिन्याभराने ती "विचारलं" होती की "आहे" होती ते कळत नाही. रिकामा चौकोन म्हणजे राहून गेलं, आणि ते पेशंट खुर्चीवर असतानाच भरायचं.

तळाला तीन ओळी: बाहेर कुठे दाखवलं का, गोळ्या किती दिल्या, पुढची तारीख. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोणी मुलाकडे सुरतला जाऊन राहतं. तिथला डॉक्टर गोळी बदलतो आणि आपल्याला ती दोन महिन्यांनी पाकिटावरून कळते. पहिली ओळ त्यासाठीच आहे.

हजार प्रती लगेच छापू नका. आधी हाताने आखून झेरॉक्स काढा आणि दहा जुन्या पेशंटच्या शेवटच्या तीन भेटी त्यात उतरवा. मग कागद न पाहिलेल्या माणसाला विचारा, "या बाई आज कोणत्या गोळ्या घेतात?" पान न उलटता, न अडखळता उत्तर आलं तर छापखान्यात जा. अडखळला तर बहुतेक वेळा औषधांच्या ओळी कमी पडलेल्या असतात. माझ्याकडे आठ ओळींवर काम भागलं.

आठवा रकाना भरला की नवा कागद त्याच भेटीत, पेशंट समोर असताना सुरू करा. फक्त चालू असलेल्या औषधांच्या ओळी उतरवा, त्याही जुन्या कागदावरून नाही तर टेबलावर ठेवलेल्या पाकिटांवरून.