ऋणनिर्देशातले संपादकांविषयीचे वाक्य

कादंबरीच्या ऋणनिर्देशात मी ‘संपादकांच्या मौलिक सूचनांमुळे पुस्तक सुबक झाले’ असे लिहिले होते. ते कोणत्याही पुस्तकाला चालले असते. म्हणून हस्तलिखिताचे आधीचे आणि नंतरचे रूप शेजारी ठेवून नेमके काय पालटले ते पाहिले. थोरल्या भावाचा मृत्यू वाचकाला आधीच कळत असल्याने धाकट्या बहिणीने त्याला लिहिलेली पत्रे निष्प्राण वाटत होती; संपादकांनी ती मृत्यूच्या प्रकरणाआधी आणली आणि निवेदकाचे स्पष्टीकरण गाळले, त्यामुळे तिची आशा वाचकालाही खरी वाटू लागली. ऋणनिर्देशात संपादकांविषयी आता एवढेच आहे. शुद्धलेखनाचे श्रेय मुद्रितशोधकांचे, त्यासाठी वेगळे वाक्य. छपाईपूर्वी मजकूर संपादकांना दाखवला, कारण काहींना असा तपशील उघड झालेला रुचत नाही.