नानकटाई एकसारखी भाजली जावी म्हणून ओटीजी लावण्याआधीची तयारी

तूप-साखर फेटायला घेण्याआधी ट्रे बाहेर काढा आणि तो उलटा करून बघा. बघायचाय तो तळ. ओटीजीबरोबर मिळणारा ट्रे बहुधा काळा असतो, वेगळा विकत आणलेला साध्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियमचा. खालच्या रॉडची धग थेट ट्रेच्या तळावर पडते. काळा तळ ती शोषून घेतो, चकचकीत तळ बरीचशी परतवून लावतो. म्हणूनच एकाच पिठाची नानकटाई काळ्या ट्रेवर खालून करपते आणि वरून मात्र कच्चट पांढरी राहते. वर्षानुवर्षं वापरून खालून काळवंडलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेही काळाच धरा, आतून कितीही लखलखीत असला तरी.

काळाच ट्रे असेल तर त्याच्या तळाला बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवून घ्या, चुण्या न पाडता. आत बेकिंग पेपर घातल्याने नानकटाई चिकटत नाही आणि थोडा आडोसाही मिळतो, पण तळ धग शोषतच राहतो. त्यामुळे आतल्या कागदावर भिस्त ठेवू नका.

मग ट्रे रिकाम्या, थंड ओटीजीत सरकवून बघा. भिंतींपासून चारही बाजूंना निदान बोटभर फट हवी. ट्रे कडेला कड लावून बसत असेल तर खालची गरम हवा वर येऊच शकत नाही. मग खाली भट्टी आणि वर कोमट अशी अवस्था होते. असा ट्रे बाजूला ठेवून लहान ट्रे घ्या, भले दोन घाण्यांऐवजी तीन करावे लागोत.

आदल्या दिवशी जमलं तर ब्रेडची चाचणी जरूर करा. मधल्या खणात जाळीवर स्लाइस शेजारी शेजारी मांडा, दोन्ही रॉड लावून १७० अंशांवर त्यांना रंग येईपर्यंत ठेवा, मग ज्या जागी होत्या त्याच क्रमाने ओट्यावर काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा. बऱ्याच ओटीजींमध्ये मागच्या कोपऱ्यातला स्लाइस सर्वांत गडद आणि दाराजवळचा फिकट निघतो, कारण दाराच्या काचेतून उष्णता जाते. कुठला कोपरा तापट आहे ते कागदावर लिहून ठेवा. जवळ ओव्हनचा थर्मामीटर असेल तर तोही याच वेळी आत ठेवा. डायलवरचा आकडा आणि आतली उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो.

नानकटाईचे गोळे वजनकाट्यावर साधारण २० ग्रॅमचे करा. लहानमोठे गोळे असतील तर ट्रे आणि खण कितीही नीट निवडले तरी रंग सारखा येणार नाही. मळलेलं पीठ मऊ पडलं असेल तर वळलेले गोळे पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवा. रॉड एकदा लाल होऊन बंद झाल्यावरच ट्रे आत जाऊ द्या. पहिल्या तापण्यात रॉड सलग पेटलेले असतात आणि त्या धगीत तळ फार लवकर रंगतो. पांढरा ट्रे मधल्या खणात, १७० अंशांवर, साधारण १८ मिनिटं धरा. काळा ट्रे असेल तर १६० अंशांवर घ्या, खण मधला किंवा त्याच्या एक वर, आणि तेराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. खालचा खण काळ्या ट्रेला कधीच देऊ नका.

गजर दोन लावा. पहिला दोन तृतीयांश वेळ झाल्यावर, ट्रे मागचा पुढे फिरवण्यासाठी. त्याआधी दार उघडलं तर नानकटाई अजून सावरलेली नसते आणि आतली उष्णताही झपकन उतरते. दुसरा गजर तपासणीचा. वरच्या रंगाची वाट बघू नका: तुपातली नानकटाई वरून फिकटच राहते, नुसत्या भेगा दिसतात. तापट कोपऱ्यातली एक उलथन्याने अलगद कलती करा. तळ फिकट बदामी आणि कडेला जरा गडद रेघ दिसली की झाली. हाताला ती मऊच लागेल, ते कच्चेपण नाही. थंड झाल्यावरच खुसखुशीत होते.

जाळी आधीच मांडून ठेवा. पांढऱ्या ट्रेवर पाच मिनिटं राहिली तरी चालते. काळा ट्रे मात्र बाहेर काढल्यावरही तळ भाजत राहतो, म्हणून कागदासकट लगेच जाळीवर ओढून घ्या. दुसरा घाणा लावण्याआधी ट्रे पूर्ण थंड होऊ द्या. गरम ट्रेवर तूप लगेच सुटतं, गोळे पसरतात आणि पातळ झालेल्या कडा आधी करपतात.