बँकेच्या मुलाखतीत ‘साहेबांनी नियम वाकवायला सांगितला तर?’ या प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं

बँक पीओच्या मुलाखतीत हा प्रश्न बहुतेक असा येतो: “२९ मार्च आहे. शाखेला ४० खात्यांचं टार्गेट, झालीत २२. एक ठेकेदार बांधकामावरच्या १८ मजुरांचे फॉर्म घेऊन आलाय. मॅनेजर म्हणतात, आज खाती उघडून टाक, केवायसी नंतर बघू. काय कराल?”

सराव मुलाखती घेताना याची दोनच उत्तरं मला सारखी ऐकू येतात. एक, “सर, मी स्पष्ट नकार देईन आणि व्हिजिलन्सला कळवीन.” दुसरं, “साहेब अनुभवी आहेत, त्यांचं ऐकेन.” दुसऱ्याने मुलगा बाद होतो हे उघड आहे, पण पहिल्यानेही पॅनेल खूश होत नाही. साहेब एक वाक्य बोलले की हा थेट तक्रारीला निघाला, असा माणूस शाखेत कसा नांदणार?

आधी नियम नेमका कुठे मोडतोय ते शोधा. टार्गेटची घाई हा काही नियमभंग नाही. ठेकेदाराने माणसं आणली, तोही नाही. खातेदार समोर नसताना आणि ओळख पटलेली नसताना खातं उघडणं, हा मात्र आहे. फॉर्म डोळ्यांसमोर आणा. अठराही फॉर्मवर एकच मोबाइल नंबर असेल, ठेकेदाराचा, तर अठरा जणांचे ओटीपी एकाच खिशात जाणार. मजुरी कुणाच्या नावावर जमा होणार आणि काढणार कोण, हे वेगळं सांगायला नको. हे बारकाईने बोललात की पॅनेल मान वर करून बघतं.

मग नियमातली वाट दाखवा. खरे गुण इथे आहेत, आणि पोरं इथेच गप्प होतात. कागद नाहीत म्हणजे खातं नाही, असं रिझर्व्ह बँक म्हणत नाही. समजा अकरा जणांकडे आधार आहे, पण पत्ता गावाचा. आधारची बायोमेट्रिक पडताळणी केली, तर सध्याच्या पत्त्यासाठी त्यांचं स्वतःचं घोषणापत्र चालतं. पॅन नसेल तर फॉर्म ६०. उरलेल्या सात जणांकडे ओळखीचा एकही कागद नाही. त्यांच्यासाठी ‘स्मॉल अकाउंट’ आहे: फोटो, आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा. मर्यादा अशा, की वर्षात एकूण जमा १ लाखापर्यंत, महिन्यात काढणं १० हजारांपर्यंत, शिल्लक कधीच ५० हजारांवर नाही. खातं सुरुवातीला १२ महिने चालतं. कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२.

आकडे आठवले नाहीत तर “मर्यादा आहेत, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांमध्ये बघून सांगेन” म्हणा. ठोकून दिलेला आकडा लगेच पकडला जातो.

आता साहेबांशी कसं बोलाल ते बोलूनच दाखवा. केबिनमध्ये, एकट्याने, काउंटरवर सगळ्यांसमोर नाही. साधारण असं: “सर, अकरा खाती पूर्ण केवायसीने होतील, सात स्मॉल अकाउंट. माणसं इथे यायला हवीत. मी उद्या सकाळी साइटवर जाऊन त्यांच्याशी बोलतो आणि दुपारी शाखेत घेऊन येतो. मोबाइल नंबर मात्र ज्याचा त्याचाच घालू.” यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही, तरी नकार आहे.

पॅनेल इथे थांबत नाही. “मॅनेजर म्हणाले, जबाबदारी माझी, तू फक्त एंट्री मार. मग?” एंट्री तुमच्या आयडीवरून जाते, मंजुरी त्यांच्या आयडीवरून, चौकशीत दोन्ही आयडी निघतात. तेव्हा सांगा, “सर, माझ्या लॉगिनने कागदाशिवाय एंट्री करणार नाही, ती लेखी सांगितली तरीही.” आणि साहेब दुसऱ्याकडून करून घेऊ लागले, तर आधी त्यांनाच पुन्हा सांगेन, मग क्षेत्रीय कार्यालयाला कळवीन, असा क्रम ठेवा. व्हिजिलन्सचं नाव आलंच तर त्यानंतर, पहिल्या वाक्यात नाही.

उदाहरण द्यावंसं वाटलं तर एकच द्या. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत टार्गेटपायी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं होतं. एका वाक्यात सांगा आणि मजुरांकडे परत या, नाहीतर पाठांतर वाटतं.

शेवटचा चिमटा बहुधा हा असतो: “एवढं करून मजुरांपैकी बाराच आले. टार्गेट हुकलं. आता?” इथे मुलं पुन्हा नवी युक्ती शोधू लागतात. शोधू नका. “सर, रिपोर्टमध्ये ३४ लिहीन. उरलेले सहा एप्रिलमध्ये करू,” एवढं म्हणा आणि गप्प बसा.