स्कॅनच्या पानाखाली न दिसणारा मजकूर घालायचाय? आधी एवढं तयार ठेवा

पहिली गोष्ट, स्कॅनच्या फाइलला हात लावायच्या आधी तिची एक कॉपी बाजूला काढा आणि कोणती फाइल शेवटी डोळ्यांना दिसणारे ते ठरवून टाका, कारण या कामातला निम्मा घोळ इथेच होतो. आपण काय करतोय तर पानात सर्च करता यावा म्हणून पानाचा फोटो जसाच्या तसा ठेवून ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, वाचलेला प्रत्येक शब्द फोटोतल्या त्याच जागी खाली लपवतोय. म्हणजे ओसीआरला दिलेला फोटो आणि पीडीएफमध्ये दिसणारा फोटो यांची चौकट एकच पाहिजे.

मी एकदा शहाणपणा केला. पान जेमतेम १ अंश तिरकं होतं, ते सरळ करून ओसीआरला दिलं, निकाल मस्त आला, आणि मग "मूळ पान तसंच ठेवू" म्हणून मजकुरावर तिरका फोटोच बसवला. सर्च चालत होता! पण शब्द सापडला की निळा पट्टा भलतीकडे. हिशोब साधा आहे, ३०० डीपीआयला ए४ पान २४८० पिक्सेल रुंद असतं, १ अंशाने ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४३ पिक्सेल वर किंवा खाली सरकते, आणि १२ पॉइंटचं अक्षर त्या डीपीआयला असतं ५० पिक्सेल. पान मध्यावर फिरवलेलं असल्याने मधे पट्टा बरोबर बसत होता आणि दोन्ही कडांना अर्ध्या ओळीने चुकत होता, एका कडेला वर तर दुसऱ्या कडेला खाली. असा नमुना दिसला की समजा, तिरकेपणाचीच भानगड आहे. तेव्हा सरळ करायचं तर दोन्हीकडे सरळ केलेलंच वापरा. डाग काढणं, काळंपांढरं करणं हे मात्र फक्त ओसीआरच्या कॉपीवर खुशाल करा, त्याने अक्षरांची जागा हलत नाही. कडा कापल्या की हलते.

मग डीपीआय माहीत करून घ्या. फाइलमध्ये तो लिहिलेला नसेल तर टेसरॅक्ट, म्हणजे आपण वापरतोय तो ओसीआरचा प्रोग्राम, स्वतःच काहीतरी धरतं, म्हणून आपणच सांगायचा. मराठीची भाषा-फाइल इन्स्टॉल आहे का ते `tesseract --list-langs` ने बघा, यादीत `mar` दिसलं पाहिजे. एवढं झालं की काम तीन ओळींचं:

```
tesseract pan.png text -l mar+eng --dpi 300 -c textonly_pdf=1 pdf
img2pdf --pagesize A4 -o photo.pdf pan.png
qpdf photo.pdf --underlay text.pdf -- final.pdf
```

पहिलीने नुसत्या मजकुराची पीडीएफ होते, उघडली तर कोरी दिसेल, घाबरू नका, अक्षरं आहेत पण न रंगवता ठेवलेली आहेत. दुसरी फोटो पुन्हा न दाबता पीडीएफमध्ये घालते. तिसरी मजकूर फोटोखाली सरकवते. तिसरी चालवायच्या आधी दोन्ही फाइल्सवर `pdfinfo` चालवून पानाचा आकार बघा, दोन्हीकडे साधारण 595 x 842 पॉइंट आला पाहिजे. फरक असेल तर डीपीआय चुकलाय किंवा पान ए४च्या मापाचं नाही, तिथेच थांबा, कारण पुढे जोडणी बिघडली की कारण शोधत बसावं लागतं.

आता तपासणी. नुसता एक शब्द शोधून "झालं" म्हणू नका. पानाच्या चारही कोपऱ्यांतला एकेक शब्द माउसने सिलेक्ट करा आणि पट्टा अक्षरांवर बसतो का बघा. दोन कॉलमचं पान असेल तर `pdftotext final.pdf -` करून वाचा, डाव्या कॉलमची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटून येत असेल तर ओसीआरने पानाची मांडणी चुकीची धरलीय, आणि मग एका ओळीतून पुढच्या ओळीत गेलेले दोन-तीन सलग शब्द शोधले तर सापडणार नाहीत.

मराठीत अजून एक छुपा त्रास आहे. "दुसऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हेने साठवता येतो, एक ऱ-ला हलंत लावून आणि दुसरा साध्या र-हलंतनंतर न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण सर्चला वेगळे वाटू शकतात, म्हणून ओसीआरने कोणता दिलाय ते कॉपी करून सर्चमध्ये टाकून बघा आणि मग आपल्या कीबोर्डने टाइप करून बघा. टाइप केलेला सापडत नसेल तर दोष जागेचा नाही, मजकुराचा आहे. आकड्यांचंही तेच, पानावर १९७२ असेल आणि कोणी 1972 शोधलं तर बहुतेक रीडर हात वर करतात.

हे सगळं आधी तीन-चार पानांवर करा, त्यात एक तिरकं, एक दोन कॉलमचं आणि एक फिकट शाईचं घ्या, आणि ती पटली की मग पूर्ण गठ्ठा लावा.