भूदान पदयात्रेच्या व्याख्यानातून आराखडा नकाशाची कृतिपत्रिका कशी करावी

चळवळीवरचं व्याख्यान ऐकताना मुलांना माणसं आणि प्रसंग लक्षात राहतात, पण कोण कुठून कुठे गेलं हे हवेतच राहतं. ते कागदावर उतरवायला आराखडा नकाशा लागतो. इथे भूदान चळवळीचं फक्त 1951 हे एक वर्ष घेऊ. वर्धा, यवतमाळ, नागपूरकडच्या मुलांना पवनार ऐकून माहीत असतं, काहींनी धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम पाहिलेलाही असतो. शिवाय विनोबांची पुढची सगळी पदयात्रा एकाच कागदावर कोंबली तर रेघांचं जाळं होतं आणि मूल पेन खाली ठेवतं.

व्याख्यानातून काय उचलायचं

टिपणवहीत तीन रकाने पाडा: ठिकाण, तारीख, तिथे काय झालं. व्याख्यानात वीस गावांची नावं आली तरी जिथे काही घडलं तीच ठेवा. 1951 पुरतं एवढं उरतं. मार्चमध्ये विनोबा वर्ध्याकडून पायी निघाले आणि एप्रिलमध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पोचले. तिथून तेलंगणात फिरताना 18 एप्रिलला पोचमपल्लीला भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली, तेव्हा गावच्या रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात ती. जूनमध्ये विनोबा पवनारला परतले. 12 सप्टेंबरला पुन्हा निघून 2 ऑक्टोबरला मध्य प्रदेशातल्या सागर शहरात होते, तिथे त्यांनी पाच कोटी एकरांचं उद्दिष्ट सांगितलं. 13 नोव्हेंबरला दिल्लीत राजघाटावर पोचले.

या तारखा दोन जातीच्या आहेत. '18 एप्रिल' एका ठिकाणाची आहे, तिची जागा बिंदूजवळ. 'मार्च ते एप्रिल' हा प्रवासाचा काळ, त्याची जागा रेघेच्या कडेला. हा फरक केला नाही तर मुलं पवनारच्या एकाच टिंबाभोवती चार तारखा लिहून ठेवतात.

कागद आखणे

पवनार, हैदराबाद, सागर, दिल्ली ही सगळी ठिकाणं 77 ते 79 पूर्व रेखांशांच्या मध्ये येतात. म्हणून अख्खा भारत काढू नका, उभा पट्टा काढा: 16 ते 30 उत्तर अक्षांश, 74 ते 82 पूर्व रेखांश. ए-फोर कागद उभा धरून दर दोन अंशांना आडवी रेघ 3.2 सेंमी अंतरावर आणि उभी रेघ 2.9 सेंमी अंतरावर मारा. सात ओळी आणि चार रकाने होतात, म्हणजे साधारण 22.4 बाय 11.6 सेंमी. यात 1 सेंमी म्हणजे सुमारे 70 किमी. आता अॅटलासमधल्या त्याच चौकटी बघून एकेक चौकट हाताने उतरवा. बटर पेपरवर थेट छापून घेऊ नका, अॅटलासचं प्रमाण वेगळं असतं.

आत भरायचं फार थोडं: गोदावरी, नर्मदा, खाली उजव्या कोपऱ्यात येईल तेवढा बंगालच्या उपसागराचा किनारा आणि आजच्या महाराष्ट्राची सीमा तुटक रेघेने. सीमा का, तर मूल विदर्भ त्या आकारावरून ओळखतं. अॅटलासमध्ये पवनार सापडलं नाही तर वर्ध्याच्याच टिंबावर लिहा. या प्रमाणात 10 किमी म्हणजे दीड मिलिमीटर.

सीमेखाली एक ओळ मात्र हवीच: '1951 मध्ये पवनार मध्य प्रदेशात होते आणि पोचमपल्ली हैदराबाद राज्यात.' नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, "सर, पवनार तं आपल्या वर्ध्यात हाये, मंग मध्य प्रदेशात कसं?" प्रश्न उत्तम आहे. त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे तिथेच सांगून टाका.

पोचमपल्लीची अडचण

शिवरामपल्ली ते पोचमपल्ली सरळ अंतर 40 किमीच्या आसपास आहे. आपल्या नकाशात ते जेमतेम 6 मिलिमीटर भरतं, म्हणजे दोन टिंबं आणि दोन नावं एकमेकांवर चढणार. आणि सगळ्यात महत्त्वाची घटना नेमकी तिथेच आहे. उजवीकडच्या रिकाम्या जागेत 6 बाय 5 सेंमीची वेगळी चौकट काढा, तिचं प्रमाण 1 सेंमीला 10 किमी ठेवा. मोठ्या नकाशावर हैदराबादभोवती छोटा चौकोन काढून तिथून या चौकटीपर्यंत बारीक रेघ न्या. उरलेल्या जागेत प्लॅस्टिकच्या साच्याने छोटा भारत काढून आपला पट्टा कुठला ते दाखवा.

मार्ग

रंग वापरू नका, झेरॉक्समध्ये सगळे काळेच होतात आणि पेन्सिलीची फिकी रेघ तर उमटतच नाही. पहिला प्रवास तुटक रेघ, परती टिंबांची रेघ, दिल्लीचा प्रवास सलग रेघ. प्रत्येकीवर मध्यभागी एक बाण. परतीची रेघ वगळण्याचा मोह होतो, कारण व्याख्यानात ती एका वाक्यात संपते. वगळली की मुलं पोचमपल्लीहून थेट दिल्लीला रेघ ओढतात आणि सप्टेंबरमध्ये पवनारहून निघणं त्यांना उमगत नाही.

दोन मुक्कामांमधली गावं व्याख्यानात नसतील तर रेघ सरळ ठेवा आणि सूचीत 'दिशा दाखवणारी रेघ, प्रत्यक्ष रस्ता नव्हे' असं लिहा. मनाने वळणं घालू नका. छापील कागदावरचं वळण मुलं खरं धरतात.

पहिली रेघ तुम्ही छापून द्या, दिल्लीची रेघ मुलांना ओढू द्या. तपासायला नद्या पुरतात: दक्षिणेच्या रेघेने गोदावरी ओलांडलीच पाहिजे, उत्तरेच्या रेघेने नर्मदा. नर्मदा सागरच्या उत्तरेला ओलांडलेली दिसली की समजा, टिंबच चुकलंय.

रिकाम्या चौकटी

प्रत्येक बिंदूला ठिकाण आणि तारीख यांपैकी एक छापायचं, दुसरं रिकामं ठेवायचं. दोन्ही रिकामी ठेवली तर मूल अंदाज मारतं. पोचमपल्लीची तारीख आणि '100 एकर' छापा, नाव रिकामं ठेवा. सागरचं नाव छापा, तारीख रिकामी, सूचना फक्त 'गांधी जयंती'. दिल्लीला 13 नोव्हेंबर छापून नाव रिकामं. शिवरामपल्लीचं नाव छापा, 'येथे काय भरले होते?' एवढं विचारा. पवनार पूर्ण छापा, सुरुवातीला पाय टेकवायला एक जागा हवी. सगळ्या चौकटी 3 बाय 1 सेंमी, एकाच मापाच्या. नावाच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त केल्या तर मुलं अक्षरं मोजून उत्तर काढतात. चौकट नकाशाबाहेर ठेवून बारीक रेघेने बिंदूला जोडा.

खाली एकच गणिताचा प्रश्न: पवनार ते दिल्ली पट्टीने मोजा, किमी काढा, 12 सप्टेंबर ते 13 नोव्हेंबर या 62 दिवसांनी भागा. पट्टीवर साडेबारा सेंमीच्या आसपास भरतं, म्हणजे सुमारे 870 किमी, दिवसाला 14. मग विचारा, खरं चालणं याहून जास्त का असेल? 'रस्ता सरळ नसतो' आणि 'वाटेत सागर आहे' ही दोन्ही उत्तरं बरोबर धरा.

झेरॉक्स आधी एकच काढा. व्याख्यान न ऐकलेल्या एका मुलाला तो भरायला द्या. त्याला सगळं भरता आलं तर तुम्ही छापलंय जास्त. ऐकलेल्या मुलाला पोचमपल्लीची चौकट सापडली नाही तर जोडरेघ दुसऱ्या रेघेला छेदतेय का ते बघा, मग बाकीच्या प्रती काढा.